पोळ्याची रजा आणि ओटीपी

नोकरी मागताना मला जेवढा मजकूर लागला नव्हता, त्याच्या तिप्पट मजकूर दोन दिवसांची रजा मागताना लागतो. नोकरीच्या अर्जात मी कर्तबगार, मेहनती आणि संघभावनेने काम करणारा होतो. रजेच्या मेलमध्ये मी एकदम संशयित होतो. सकाळी नऊला ‘विषय : रजेबाबत’ असं टाइप करून बसलो, तर जेवणाच्या सुटीपर्यंत ‘आदरणीय सर’च्या पुढे सरकत नाही. मग ‘आदरणीय’ जरा जास्तच होतंय असं वाटून ‘प्रिय’ करतो, ‘प्रिय’ अंगाशी येईल म्हणून पुन्हा ‘आदरणीय’ करतो आणि चहाला जातो.

याला जबाबदार आमचं शाळेतलं पत्रलेखन आहे. भातकुलीच्या शाळेत आम्ही ‘मा. मुख्याध्यापक यांच्या सेवेसी’ इतके अर्ज लिहिले की ‘आपला आज्ञाधारक’ ही आमची सहीच होऊन बसली. त्या अर्जांत ताप हे एकच सर्वमान्य कारण होतं. परीक्षेच्या पेपरात रजेचा अर्ज आला, की अख्ख्या वर्गाला एकाच सकाळी, अकरा ते दोनच्या दरम्यान ताप यायचा. पोळ्यासाठी रजा कशी मागायची, हे मात्र कुणी शिकवलं नाही. शिकवायची गरजच नव्हती. पोळ्याला शाळा बंद, कचेरी बंद, बाजार बंद. ज्या दिवशी बैलालाही सुटी, त्या दिवशी माणसाने अर्ज करायचा असतो, हे मला पुण्याला आल्यावर समजलं.

पुण्यात दुकाने-आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यात सणांच्या आठ पगारी सुट्या धरल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आता या चारांत गणपती, दसरा आणि दिवाळी बसवता बसवताच लोकांची दमछाक होते; तिथे बैलाला जागा कोण देणार? आमच्याकडे जिल्हाधिकारी ज्या स्थानिक सुट्या जाहीर करतात, त्यांत पोळा बहुतेक वेळा असतो. पण जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम अमरावती जिल्ह्याबाहेर चालत नाही, आणि माझं टेबल जिल्ह्याबाहेर आहे.

तर २०२५ च्या पोळ्यासाठी मी मेल लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात कारणच दोन पानी झालं. शेतीप्रधान देशापासून सुरुवात केली, नंदीला मध्ये आणलं, बैलाचे उपकार सांगितले, खांदशेकणीचा विधी वर्णन केला. म्हणजे आदल्या दिवशी हळद-तुपात पळसाची पानं भिजवून बैलाचा खांदा शेकतात आणि त्याच्या कानात ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असं सांगतात. हे सगळं लिहून झाल्यावर वाचून पाहिलं, तर मला रजा हवी आहे हे वाक्य कुठेच नव्हतं. शेवटच्या ओळीत ‘कळावे, लोभ असावा’ तेवढं होतं.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “हे सर वाचतील, डोळे पुसतील आणि तुला शेतकी अंकाचा संपादक करतील. रजा नाही देणार.”

कारण एका ओळीवर आणलं : ‘गावी पोळ्याचा सण असल्याने.’ आणि तोंडीच आधी कानावर घालावं म्हणून सरांच्या केबिनमध्ये गेलो. आमचे सर सांगलीकडचे. सांगलीकडच्या माणसाला बैलांच्या सणाबद्दल काही सांगावं लागणार नाही, अशा भ्रमात मी होतो.

“पोळा?” सर म्हणाले. “बैलांचा सण तर होऊन गेला की. आमचा बेंदूर आषाढातच झाला.”

“सर, आमच्याकडे श्रावण अमावास्येला असतो.”

“बैल तेच ना?”

“बैल तेच, सर. सण वेगळा.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी एकाच आजीला दुसऱ्यांदा मारून रजा मागतोय. मग त्यांनी संगणकावर मागच्या वर्षांच्या रजा उघडल्या. इथे पंचांगाने माझा घात केला. “२०२३ ला तुम्ही पोळा १४ सप्टेंबरला घेतला. २०२४ ला २ सप्टेंबरला. आणि या वर्षी २२ ऑगस्ट? सणाची काही एक तारीख असते की नाही?”

मी सांगितलं की २०२३ मध्ये अधिक श्रावण आला म्हणून निज श्रावणाची अमावास्या सप्टेंबरच्या मध्यावर ढकलली गेली, मग ती दर वर्षी दहा-बारा दिवस मागे येते, आणि पुन्हा अधिक मास आला की पुढे उडी मारते. हे ऐकताना सरांनी दोन वेळा घड्याळ पाहिलं. मग कालनिर्णय उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अहो, अमावास्या २२ ला दुपारी सुरू होते आणि २३ ला दुपारपर्यंत आहे. २३ ला शनिवार. आपल्याला सुटीच आहे. शनिवारी करा की पोळा!”

माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावर गेला, तरी दुसऱ्याचा सण शनिवारी ढकलायची उबळ त्याला आवरत नाही. मी म्हटलं, “सर, पोळा संध्याकाळी भरतो. अमावास्येची संध्याकाळ शुक्रवारचीच आहे. आणि गावाने तोरण शुक्रवारी बांधायचं ठरवलंय.”

“गावाने ठरवलंय” हे ऐकल्यावर सर नरमले. कमिटीने ठरवलेल्या गोष्टीपुढे जायचं नाही, ही त्यांना नोकरीत लागलेली सवय होती. “बरं, मेल टाका. तारखा नीट लिहा,” ते म्हणाले.

तारखा नीट लिहिणं हे प्रकरण दिसतं तेवढं सोपं नाही. गुरुवारी २१ ला खांदशेकणी, शुक्रवारी २२ ला पोळा, शनिवारी आमच्याकडची कर, म्हणजे पोरांचा तान्हा पोळा. रविवारी संध्याकाळी अमरावतीहून ट्रॅव्हल्स धरायची, ती सोमवारी सकाळी पुण्यात आदळते. मी ऐटीत लिहिलं : ‘२१ ते २५ रजा मिळावी.’ हा मेल वाचून तीन माणसांनी तीन अर्थ काढले. सरांना वाटलं मी २५ ला हजर आहे. सहकाऱ्याला वाटलं मी २६ ला येणार. आणि मनुष्यबळ विभागातल्या बाईंना वाटलं मी पाच दिवसांची रजा मागतोय.

बाईंचं वाटणं नियमाला धरून होतं, म्हणून ते सगळ्यांत धोकादायक होतं. आमच्याकडे सँडविचचा नियम आहे. शनिवार-रविवारच्या दोन्ही बाजूंना रजा लागली, की मधली सुटीही रजेत धरतात. म्हणजे मी गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार असे तीन दिवस मागितले, की खात्यातून पाच जातात. गुरुवार-शुक्रवारच घेतले आणि सोमवारी वेळेवर हजर झालो, की दोनच जातात. एका सोमवारच्या पायी तीन दिवसांचा फटका! माझ्या रजेच्या खात्यात तेवढी शिल्लक असती, तर मी हा हिशेब कशाला करत बसलो असतो?

“मग सोमवारी ट्रॅव्हल्समधून सरळ ऑफिसला ये,” सहकाऱ्याने सुचवलं. “दात घासायचा ब्रश टेबलाच्या खणात ठेव.”

शेवटी तारखांची ओळ अशी झाली : ‘बुधवार २० ऑगस्टला पूर्ण दिवस कामावर असेन. गुरुवार २१ आणि शुक्रवार २२ असे दोन दिवस अर्जित रजा. शनिवार-रविवार नेहमीची सुटी. सोमवार २५ ला सकाळी साडेनऊला हजर.’ ओळ रुक्ष आहे, पण ‘ते’ हा शब्द गेल्याबरोबर तिन्ही माणसांचं एकमत झालं. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचा आणखी एक फायदा असा, की त्यांतली एक चुकली तर बाई लगेच फोन करतात. नुसती तारीख चुकली, तर त्या नुसताच पगार कापतात.

यानंतर कामं सोपवण्याचा परिच्छेद. तो मी बाणेदारपणे एका वाक्यात उरकला होता : ‘माझ्या अनुपस्थितीत माझी कामं माझे सहकारी पाहतील.’ सहकाऱ्याला ही बातमी त्याच्या मेलमध्ये प्रत आल्यावर समजली. तो खुर्चीसकट माझ्याकडे वळला. “पाहतील म्हणजे? पाहायला माझी हरकत नाही. करायचं काय ते लिही.”

तेव्हा बसून लिहिलं. माझं मुख्य काम म्हणजे रोज संध्याकाळी पाचच्या आत गोदामातल्या मालाचा तक्ता ग्राहकाला पाठवायचा. तक्ता कुठून काढायचा, कुठल्या फाइलमध्ये भरायचा, कुणाला पाठवायचा, आकडे जुळले नाहीत तर गोदामात कुणाला विचारायचं आणि पाच वाजून गेले तर ग्राहकाकडचं कोण आधी ओरडतं, हे सगळं लिहिलं. शुक्रवारी तीन बिलं अडकलेली असतील, त्यांतली दोन निघतील, तिसरं निघणार नाही आणि त्याबद्दल जिवाला लावून घेऊ नये, हेही लिहिलं. सगळं लिहून झाल्यावर पोटात खड्डा पडला. ज्या कामाचा मी इतकी वर्षं घरी, गावी आणि सासरी डंका पिटला, ते अर्ध्या पानात मावलं होतं, वर समासही सुटला होता.

खरं सांगायचं तर कामं सोपवताना प्रत्येकाच्या मनात एक चोर असतो. फार चांगलं सोपवलं आणि आपल्यावाचून सगळं सुरळीत चाललं, तर साहेबांच्या डोक्यात भलतंच यायचं. म्हणून शहाणी माणसं एखादी गाठ न सांगता ठेवतात. परत आल्यावर “तुम्ही नव्हता तर फार अडलं हो” हे ऐकायला कान आसुसलेले असतात. मी मात्र इमानदारीने सगळ्या गाठी सोडल्या. फाइलचं नावसुद्धा लिहिलं, कारण आमच्या फोल्डरमध्ये `Stock_final.xlsx`, `Stock_final2.xlsx` आणि `Stock_final_NEW_use_this.xlsx` अशा तीन फाइली होत्या आणि खरी होती पहिली.

एवढंच नाही, तर मंगळवारी रंगीत तालीमही केली. सहकाऱ्याला माझ्या खुर्चीत बसवलं, मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत तक्ता काढून दाखवला. साइट उघडली, पासवर्ड टाकला, आकडे आले. “झालं की! पोळ्याला कानवले आण,” तो म्हणाला. तालमीत एकच खोट होती आणि ती आम्हा दोघांनाही दिसली नाही. तालीम माझ्या संगणकावर झाली होती. माझा संगणक त्या साइटच्या ओळखीचा, म्हणून ती गुपचूप दार उघडत होती. गुरुवारी तो त्याच्या संगणकावरून जाणार होता, आणि अनोळखी संगणक दिसला की ती साइट नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. नोंदवलेला मोबाइल माझा. तो निघाला होता भातकुलीला.

उपलब्धतेच्या परिच्छेदात मी लिहिलं होतं : ‘तातडीच्या कामासाठी फोनवर उपलब्ध असेन.’ हे वाक्य कुणी मागितलेलं नसतं. रजा नाकारली जाईल या भीतीने आपणच ते लाच म्हणून पुढे करतो. आणि ‘तातडी’ कशाला म्हणायचं हे न लिहिल्यामुळे ती ठरवायचा अधिकार अख्ख्या ऑफिसला जातो.

गुरुवारी सकाळी घरी पोचलो. आंघोळ होते न होते तोच पहिला तातडीचा फोन आला : बैठकीच्या खोलीतल्या एसीचा रिमोट कुठे आहे? दुसरा फोन : माझ्या खणाची किल्ली कुणाकडे आहे, कारण रिमोट त्यात असण्याची शक्यता आहे. किल्ली माझ्या खिशात होती. खणात रिमोट नव्हता, दात घासायचा ब्रश होता, पण ते सांगून कुणाचं समाधान होईना.

बाबा गोठ्यात पळसाची पानं तुपात बुडवत होते. ते म्हणाले, “काऊन रे, सुटी घेऊन आला न तू?”

“हो बाबा. पण फोनवर उपलब्ध आहे असं लिहून दिलंय.”

“मंग सुटी काऊन म्हनतं? जागा बदलली म्हन.” त्यांनी बैलाच्या खांद्यावर पान दाबलं. “याले पाय. पंधरा दिस डवरणी ओढली यानं. उद्या याच्या खांद्यावर जू ठेवाची कोनाची हिंमत नाई. अर्ज केला का यानं?”

“नाही.”

“डवरा कोनाले सोपवला का?”

“नाही.”

“मंग?”

बैलाने माझ्याकडे पाहून कान हलवला. त्याची बाजू भक्कम होती. तारीख पंचांगाने ठरवलेली, आवतण आदल्या दिवशी कानात मिळालेलं, कामाची चौकशी करायला कुणी येणार नाही, आणि वर पुरणपोळी. आमच्या मनुष्यबळ विभागाकडे इतकं स्वच्छ धोरण नाही. माझ्या मनात आलं, की याच्या जागी मी असतो तर शुक्रवारी दुपारी कुणीतरी दारात येऊन म्हणालं असतं, ‘फक्त दोनच तासं मारायची आहेत, पाच मिनिटांचं काम आहे.’

ते पाच मिनिटांचं काम शुक्रवारी आलंच. गुरुवारी तक्ता कसाबसा माझ्याच संगणकावरून निघाला होता. शुक्रवारी माझ्या संगणकाने नवा पासवर्ड मागितला, मग सहकारी आपल्या संगणकावर गेला आणि साइटने ओटीपीचा आग्रह धरला. पावणेपाच वाजले होते. तोरणाखाली बैलांची रांग लागलेली. झुली, घुंगरमाळा, शिंगांना बेगड, वाजंत्री. आमची जोडी रांगेत आणि एका बैलाचा कासरा माझ्या हातात. वाजंत्रीत फोनवरचा शब्दही कळेना.

“ओटीपी आला का?” तो ओरडला.

“रेंज नाही!”

“मग बोलतोयस कसा?”

प्रश्न रास्त होता. बोलण्यापुरती रेंज होती, संदेश येण्यापुरती नव्हती. मी कासरा चुलतभावाच्या हातात दिला आणि पाराच्या ओट्यावर चढलो. फोन उंच धरला, तसे चार संदेश एकदम आले. पहिला ओटीपी मी वाचून दाखवला. चूक. कारण त्याने कंटाळून तीनदा मागितला होता, आणि अशा वेळी शेवटचाच चालतो, आधीचे मेलेले असतात. शेवटचा वाचला, तेवढ्यात वाजंत्री वाढली. मग मी फुफ्फुसं फुटेस्तोवर ओरडलो, “सात! चार! चार! नऊ! शून्य! दोन!”

पारावर एकदम शांतता झाली. मागून आवाज आला, “कोनाच्या जोडीचा लिलाव चालू हाय बे?”

दुसरा म्हणाला, “सात लाख चव्वेचाळीस हजार! पुन्याचा गिऱ्हाईक दिसते.”

आमच्या जोडीची किंमत पाच मिनिटांत गावभर झाली. बाबांना तिघांनी अडवून विचारलं, की बैल विकता, आणि तेही पोळ्याच्या दिवशी? बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं, आणि त्या पाहण्याला कुठल्याही मेलमध्ये उत्तर देता येत नाही. तिकडे तक्ता पाचला दोन मिनिटं कमी असताना गेला. जोडी मारुतीच्या दर्शनाला आणि मग घरोघरी फिरायला गेली. बैल घेऊन फिरणाऱ्या गड्याला घरोघर बोजारा मिळतो, तसा चुलतभावालाही मिळाला. मला ग्राहकाकडून मेल मिळाला, की तक्त्यातली तिसरी ओळ जुळत नाही.

रात्री कळलं की आणखी एक भानगड झाली होती. मी स्वयंचलित उत्तर लावून गेलो होतो : ‘मी रजेवर आहे, तातडीसाठी माझ्या सहकाऱ्याशी संपर्क करावा.’ सहकाऱ्याने गणपतीच्या खरेदीसाठी शुक्रवारी अर्धी रजा टाकली होती. तक्त्यापायी अडकलेला तो शेवटी पाचला निघाला आणि जाताना त्यानेही उत्तर लावलं. त्यात त्याने सवयीने माझं नाव दिलं. ग्राहकाने मला लिहिलं, मी त्याच्याकडे पाठवलं, त्याने माझ्याकडे पाठवलं. ग्राहक बिचारा संध्याकाळभर आमच्या दोघांच्या रजांमध्ये येरझाऱ्या घालत होता. शेवटी त्याने सरांना लिहिलं. सर उपलब्ध होते, कारण ते रजेवर नव्हते.

सोमवारी ट्रॅव्हल्समधून उतरून सरळ ऑफिस गाठलं, खणातून ब्रश काढला आणि दात घासून साडेनऊला टेबलावर बसलो. सरांनी बोलावलं. आता तिसरी ओळ, ओटीपी, स्वयंचलित उत्तर आणि सात लाख चव्वेचाळीस हजार या सगळ्याचा जाब द्यायच्या तयारीने गेलो.

सर म्हणाले, “तुमचा तो रजेचा मेल मला पाठवा हो. वार, तारखा, कामं, सगळं छान मुद्देसूद होतं. बुधवारी गणपती बसतो, मला गावी जायचंय. वर मेल टाकायचाय, सुरुवात सुचेना. सकाळपासून ‘आदरणीय’च्या पुढे सरकलो नाही.”

मी मेल पाठवला. तासाभराने सरांचा मेल त्यांच्या साहेबांना गेला, मला प्रत. मंगळवार, बुधवार, गुरुवार, वारासकट तारखा, एकही ‘ते’ नाही. सगळी कामं माझ्यावर सोपवलेली. खाली ओळ होती, की बिलांच्या मंजुरीची साइट ओटीपी मागते आणि तो सरांच्या मोबाइलवर येईल.

“सर, मंजुरी रोज संध्याकाळी सातला द्यावी लागते,” मी म्हटलं.

“मग?”

“सातला तुमच्याकडे आरती असेल.”

सरांनी क्षणभर विचार केला. “आरतीला पाच मिनिटं कमी असताना फोन करा,” ते म्हणाले. “आणि मी आकडे मोठ्याने सांगणार नाही. आमच्या गल्लीत सावकार राहतो.”